‘मजकूर कबूल नाही’ एवढ्यावर भागत नाही

सुरतच्या नवागाम-डिंडोली भागात गल्लोगल्ली अहिराणी ऐकू येते. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून लूमवर, डाइंग मिलमध्ये किंवा कापड मार्केटात कामाला आलेली माणसं इथं पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि लग्नं मात्र अजूनही बहुतेक खान्देशातच जुळतात. संसार मोडायची वेळ येते तेव्हा हीच सोयरीक कोर्टात अडचणीची ठरते. नवरा नवागामला आणि बायको माहेरी शहाद्याला किंवा अमळनेरला. दोघं शेवटचं एकत्र नांदले ते नवागामच्या खोलीत, म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे सुरतच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज चालू शकतो. तो अर्ज बहुधा गुजरातीत असतो. त्यात तिचा उल्लेख ‘सामावाळा’ असा येतो, आणि तिच्याबद्दल आठ-दहा परिच्छेद भरून लिहिलेलं असतं की तिनं नवऱ्याला क्रूरतेची वागणूक दिली.

या अर्जाला तिनं द्यायचं लेखी उत्तर म्हणजे कैफियत. पुढची तीन-चार वर्षं खटला ज्या कागदावर चालतो तो हाच. तरीही कैफियतीकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. भाऊ किंवा वडील वकिलाकडे जातात, वकील नेहमीचा मसुदा काढतो, ‘सदरचा मजकूर खोटा व खोडसाळ असून सामनेवाली हिस कबूल नाही’ हे वाक्य प्रत्येक परिच्छेदापुढे लागतं, आणि शेवटी रागाच्या भरात नवऱ्यावर पाच-सहा भयंकर आरोप होतात. या दोन्ही गोष्टींनी बाईचं नुकसान होतं. पहिलीनं तिचा नकार लंगडा पडतो. दुसरीनं नवऱ्याला आयतं कारण मिळतं. दोन्ही बाबतींत सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत, आणि त्यांतला सर्वांत महत्त्वाचा एका मराठी जोडप्याचा आहे.

दास्ताने विरुद्ध दास्ताने हा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. लग्न १३ मे १९५६ रोजी पुण्यात झालं. नवरा शेतकी शास्त्रातला उच्चशिक्षित, पुढे दिल्लीत सरकारी नोकरीत. दोन मुली झाल्या. फेब्रुवारी १९६१ मध्ये दोघं वेगळे झाले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिसरं अपत्य जन्मलं, आणि १९ फेब्रुवारी १९६२ रोजी नवऱ्यानं पुण्याच्या कोर्टात अर्ज केला. त्याची मागणी तीन पदरी होती. लग्नाआधीचा मानसिक आजार लपवून फसवणूक केली म्हणून लग्न रद्द करा, नाहीतर ती वेडसर आहे म्हणून घटस्फोट द्या, नाहीतर तिनं क्रूरता केली म्हणून न्यायिक विभक्ती द्या. त्या काळी हिंदू विवाह कायद्यात क्रूरता हे घटस्फोटाचं कारण नव्हतं, फक्त विभक्तीचं होतं. घटस्फोटाचं कारण ते १९७६ च्या दुरुस्तीनं झालं.

फसवणूक आणि वेडसरपणा हे दोन्ही मुद्दे कुठल्याच कोर्टात टिकले नाहीत. क्रूरतेचे आरोप मात्र तपशीलवार होते. तिनं मंगळसूत्र तोडलं, नवरा ऑफिसातून येण्याच्या वेळी दाराला कुलूप घातलं, तान्ह्या मुलीच्या जिभेला तिखट लावलं, रात्री दिवा लावून नवऱ्याच्या उशाशी बसून त्याला टोचत राहिली, जीव देण्याच्या धमक्या दिल्या. पुण्याच्या पहिल्या कोर्टानं क्रूरता मानून विभक्तीचा हुकूम दिला. जिल्हा न्यायालयानं तो फिरवला, उच्च न्यायालयानं १९६९ मध्ये नवऱ्याचं अपील फेटाळलं, आणि प्रकरण दिल्लीला गेलं.

१९ मार्च १९७५ रोजी न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी निकाल लिहिला. त्यात दोन गोष्टी ठरल्या. एक, घटस्फोटाच्या खटल्यात आरोप फौजदारी खटल्यासारखा निःसंशय सिद्ध व्हावा लागत नाही. दोन्ही बाजूंचा पुरावा तोलून जे अधिक संभवनीय वाटतं ते कोर्ट मानतं. या कसोटीवर कोर्टानं बायकोची क्रूरता सिद्ध धरली. आणि तरीही नवऱ्याचं अपील फेटाळलं. हीच दुसरी गोष्ट. ज्या वागण्याची तो तक्रार करत होता त्यानंतरही दोघं नवरा-बायको म्हणून संसार करत होते. तिसऱ्या अपत्याचा जन्म ही त्याची खूण होती. म्हणजे त्यानं ती क्रूरता माफ केली होती, आणि माफ केलेल्या क्रूरतेवर कायदा हुकूम देत नाही. कलम २३ म्हणतं की प्रतिपक्षानं बचाव केला असो वा नसो, अर्जदारानं क्रूरतेला क्षमा केलेली नाही अशी कोर्टाची खात्री झाली तरच हुकूम द्यावा.

कैफियत लिहिणाऱ्यानं लक्षात ठेवावं असं या खटल्यात एक आहे. क्षमेचा मुद्दा बायकोच्या बचावात मांडलेलाच नव्हता. कलम २३ मुळे तो तपासणं आपलं कर्तव्य आहे असं म्हणून कोर्टानं तो स्वतःहून घेतला. ती जिंकली ती तिच्या वतीनं कोणी न लिहिलेल्या मुद्द्यावर, आणि तीही अर्ज दाखल झाल्यापासून तेरा वर्षांनी. आज कोणा बाईच्या कैफियतीत हा मुद्दा लिहिण्यासारखा असेल तर तो पहिल्या कोर्टात, पहिल्या महिन्यातच लिहिला गेला पाहिजे.

आता एक कैफियत प्रत्यक्ष उलगडून पाहू. खालचं जोडपं मी उदाहरणासाठी रचलं आहे, कोणा खऱ्या माणसांचं नाही. पण असे अर्ज ज्यांनी वाचले आहेत त्यांना ते ओळखीचं वाटेल.

नवरा सुरतच्या कापड मार्केटात साडीच्या दुकानात कामाला, बायको शहादा तालुक्यातली. लग्न मे २०१६, मुलगा २०१८ चा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी गेली, फेब्रुवारी २०२२ मध्ये मुलगी झाली, ती परत आली नाही. २०२३ मध्ये तिनं शहाद्याला पोलिसांत तक्रार दिली. जानेवारी २०२५ मध्ये त्यानं क्रूरता आणि परित्याग या दोन कारणांवर घटस्फोट मागितला. अर्जात तो म्हणतो: ती सासूशी नेहमी भांडत असे आणि स्वयंपाक करत नसे, ऑगस्ट २०१९ मध्ये तिनं आत्महत्येची धमकी दिली, १२ मार्च २०२१ रोजी दुकानात येऊन मालक व दोन कामगारांसमोर तिनं शिवीगाळ केली, त्याच्यावर खोटी फौजदारी केली, आणि सबळ कारण नसताना तीन वर्षं त्याला सोडून राहिली.

उत्तराची सुरुवात जे खरं आहे ते कबूल करण्यापासून होते. लग्नाची तारीख, मुलांचे जन्म, नवागामला एकत्र राहणं, नोव्हेंबर २०२१ ला माहेरी जाणं हे सगळं कबूल. काही लोकांना वाटतं की काहीही कबूल केलं तर हरलो, म्हणून ते लग्नाची तारीखसुद्धा ‘शाबीत करावी’ म्हणतात. न्यायाधीश कैफियत वाचताना याच ठिकाणी पक्षकाराचा खरेपणा जोखतो. खऱ्याला खरं म्हणणारीचं ‘खोटं’ हे म्हणणं जड ठरतं.

मग नकार. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ८ याबाबत कडक आहे. नियम ३ म्हणतो की ढोबळ नकार पुरेसा नाही, प्रत्येक विधान वेगळं घेऊन नाकारलं पाहिजे. नियम ४ म्हणतो की नकार टाळाटाळीचा नसावा. नियम ५ म्हणतो की जे स्पष्टपणे नाकारलं नाही ते कबूल धरलं जाईल. वैवाहिक खटल्यात कलम २३ मुळे नियम ५ ची धार थोडी बोथट होते, कारण कोर्टाला स्वतःची खात्री करून घ्यावीच लागते. पण त्यावर विसंबून कोणी राहू नये. न नाकारलेलं वाक्य उलटतपासात पहिल्यांदा समोर येतं.

१२ मार्चचा परिच्छेद घ्या. ‘सामनेवाली दि. १२ मार्च २०२१ रोजी मालक व दोन कामगारांसमोर शिवीगाळ करण्यास दुकानात गेली नव्हती’ असं उत्तर लिहिलं, तर नेमकं काय नाकारलं? ती गेलीच नव्हती? गेली, पण शिवीगाळ केली नाही? शिवीगाळ केली, पण मालक तिथं नव्हता? आरोपाचं वाक्य जसंच्या तसं घेऊन त्यात फक्त ‘नव्हती’ बसवलं की असं होतं. यालाच कायदा टाळाटाळीचा नकार म्हणतो. आता खरी हकीकत अशी समजा की ती दुकानात गेली होती, कारण मुलाला ताप चढला होता, नवरा फोन उचलत नव्हता आणि तिच्याकडे रिक्षालाही पैसे नव्हते. मग उत्तर असं हवं: त्या दिवशी दुपारी सामनेवाली दुकानात गेली हे खरं आहे. मुलगा तापानं फणफणला होता व अर्जदार फोन घेत नव्हते म्हणून ती गेली. तिनं दवाखान्यासाठी पैसे मागितले. मालकासमोर किंवा कामगारांसमोर तिनं कोणताही अपशब्द वापरला नाही. पैसे न मिळाल्यानं शेजारणीकडून उसने घेऊन तिनं मुलाला स्मीमेर रुग्णालयात नेलं. त्या तारखेचा केसपेपर यादीसोबत हजर केला आहे.

पाच-सहा साधी वाक्यं, पण आरोपाचा प्रत्येक तुकडा वेगळा झाला आहे. जाणं कबूल, कारण दिलं, शिवीगाळ नाकारली, आणि एक असा कागद जोडला जो तिनं खटल्यासाठी तयार केलेला नाही. मालकाला नवऱ्यानं साक्षीला आणलं तर त्याला विचारायचा प्रश्नही यातूनच तयार होतो: बाई पैसे मागायला आली होती की नाही, आणि कडेवर मूल होतं की नाही. त्या केसपेपरवर ताप लिहिलेला नसून दुसऱ्याच दिवसाची तारीख असेल, तर मात्र ही हकीकत लिहू नये. कैफियतीतलं एक विधान कागदानं खोटं ठरलं की बाकीची दहा खरी विधानंही त्याच नजरेनं वाचली जातात.

सासूशी ‘नेहमी’ भांडणं आणि स्वयंपाक न करणं या आरोपाला तारीख नाही, प्रसंग नाही, साक्षीदार नाही. इथं लांबलचक उत्तर देण्याचा मोह होतो: मी पहाटे पाचला उठत होते, भाकरी मीच थापत होते. त्याची गरज नसते. आरोप मोघम आहे, एकही दिवस वा प्रसंग दिलेला नाही, त्यामुळे त्याला नेमकं उत्तर देणं शक्य नाही, हे आधी लिहावं. मग आरोप स्पष्ट शब्दांत नाकारावा. त्यानंतर हेही म्हणता येतं की एका खोलीत पाच माणसं राहताना जी बोलाचाली होते तिच्यापलीकडे काही झालं नाही. २००७ च्या समर घोष विरुद्ध जया घोष या निकालात सर्वोच्च न्यायालयानं मानसिक क्रूरतेची उदाहरणं दिली आणि तिथंच म्हटलं की संसारात रोज होणारी किरकोळ कुरबूर आणि झीज ही क्रूरता नव्हे. वागणं बऱ्याच काळ चाललेलं आणि नातं असह्य करणारं असावं लागतं. कोर्टानं ती यादी पुरी नाही, मार्गदर्शक आहे, असंही सांगितलं. वकील तिचा हवाला युक्तिवादात देतील. कैफियतीत निकालांची यादी देऊ नये, तिथं हकीकत द्यावी.

आत्महत्येच्या धमकीचा परिच्छेद सर्वांत नाजूक. सर्वोच्च न्यायालयानं अशा धमक्यांना दास्ताने खटल्यातही गंभीर मानलं आणि पुढेही मानलं. ऑगस्ट २०१९ मध्ये असं काही बोललंच गेलं नसेल तर सरळ नाकारावं. बोललं गेलं असेल तर बाईनं वकिलाला ते आधीच सांगावं, कारण नवऱ्याच्या फोनमध्ये ते ध्वनिमुद्रित असू शकतं. नवरा-बायकोनं एकमेकांचं गुपचूप केलेलं ध्वनिमुद्रण घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये विभोर गर्ग प्रकरणात सांगितलं आहे. कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १४ कोर्टाला आधीच मोठी मोकळीक देतं: वाद नीट सोडवायला उपयोगी पडेल असा कागद किंवा माहिती एरवीच्या पुरावा कायद्यात बसत नसली तरी कोर्ट ती पाहू शकतं. तेव्हा ‘असं कधीच बोलले नाही’ लिहून नंतर स्वतःचाच आवाज ऐकण्यापेक्षा तो प्रसंग का घडला, त्याआधी काय झालं होतं, हे लिहिणं शहाणपणाचं.

आणि इथंच दास्ताने कामाला येतो. या परिच्छेदाच्या उत्तराखाली लिहावं: वरील म्हणण्यास बाध न येता सामनेवालीचं असंही म्हणणं आहे की, ऑगस्ट २०१९ व मार्च २०२१ मधील कथित प्रसंग घडले असं क्षणभर धरलं तरी त्यानंतर उभयता नोव्हेंबर २०२१ पर्यंत पती-पत्नी म्हणून नांदले, व त्या सहजीवनातून फेब्रुवारी २०२२ मध्ये मुलगी झाली, सबब अर्जदारानं कथित क्रूरतेला क्षमा केली आहे. ‘घडलंच नाही’ आणि ‘घडलं असेल तर माफ केलं आहे’ ही दोन म्हणणी वाचायला विसंगत वाटतात, पण पर्यायी बचाव म्हणून दोन्ही एकत्र मांडायला कायदा परवानगी देतो. दास्तानेतही नेमकी हीच जुळणी होती: तक्रारीचे प्रसंग आधीचे, सहजीवन नंतरचं, आणि मूल त्याहूनही नंतरचं.

या बचावाला मर्यादा आहे. एका छपराखाली राहणं म्हणजे आपोआप क्षमा नव्हे. पूर्वीचं नातं पुन्हा सुरू झालं होतं हे दिसावं लागतं. शिवाय क्षमा सशर्त असते. नंतर पुन्हा गंभीर चूक झाली तर जुनी क्रूरताही जिवंत होते. दास्तानेत नवऱ्यानं हेही मांडलं होतं, कारण वेगळं झाल्यावर बायकोनं त्याच्या खात्याच्या सचिवांना पत्र लिहून आपल्याला छळलं म्हणून स्वतंत्र पोटगी मागितली होती. तेवढ्यानं जुनी क्रूरता जिवंत होत नाही, असं कोर्टानं ठरवलं.

म्हणूनच आपल्या उदाहरणातला २०२३ च्या पोलिस तक्रारीचा परिच्छेद महत्त्वाचा ठरतो. मुलगी झाल्यानंतरची ती एकमेव घटना आहे. के. श्रीनिवास राव विरुद्ध डी. ए. दीपा या २०१३ च्या निकालापासून ठरलेलं आहे की खोटी, बदनामीकारक तक्रार ही मानसिक क्रूरता असते, आणि ती दोघं वेगळे राहत असतानाही होऊ शकते. पण तक्रार देणं ही आपोआप क्रूरता नाही. तो तिचा हक्क आहे. उत्तरात लिहायचं ते इतकंच: तक्रार दिली हे खरं, कोणत्या घटनेबद्दल दिली, आरोपपत्र गेलं का, खटला कोणत्या टप्प्यावर आहे. फौजदारी खटल्यात नवरा सुटला असेल तर बाजू अवघड होते, पण साक्षीदार फुटले म्हणून सुटला की आरोप बनावट म्हणून सुटला, हा फरक कैफियतीत स्पष्ट मांडता येतो. फौजदारी तक्रारीतला आणि कैफियतीतला मजकूर एकमेकांशी जुळलाच पाहिजे. शहाद्याच्या तक्रारीत ‘सासूनं मारलं’ आणि सुरतच्या कैफियतीत ‘सासू चांगली होती, नवरा मारत असे’ असं निघालं, तर उलटतपासात दोन्ही कागद समोरासमोर धरले जातात. हे नेहमी घडतं, कारण दोन गावांतले दोन वकील एकमेकांशी बोललेले नसतात.

परित्यागासाठी नवऱ्याला दाखवावं लागतं की अर्जापूर्वी सलग दोन वर्षं ती रास्त कारणाशिवाय आणि सोडून देण्याच्या इराद्यानं दूर राहिली. नोव्हेंबर २०२१ ते जानेवारी २०२५ हा काळ पुरेसा आहे, म्हणून लढाई कारणावर आणि इराद्यावर. ती बाळंतपणाला गेली, रीतीप्रमाणे. बाळ पाहायला कोण आलं, बारशाला कोण आलं, न्यायला कोण आलं नाही, तिनं किती संदेश पाठवले, नातेवाइकांची बैठक कधी बसली, हे तारखांसह यावं. मोबाइलमधले संदेश काढून द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मराठी संदेश असतील तर न्यायालयाच्या भाषेत अनुवादही. ‘सामनेवाली आजही नांदायला तयार आहे’ हे वाक्य मात्र ते खरं असेल तरच लिहावं. बहुतेक मसुद्यांत ते सवयीनं येतं, आणि मग समुपदेशकासमोर किंवा साक्षीत बाई म्हणते, आता त्या घरात पाय ठेवणार नाही. त्या एका उत्तरानं परित्यागाचा बचाव ढासळतो. नांदायचं नसेल तर का नांदता येत नाही ते लिहावं. तेच रास्त कारण असतं.

आता त्या दुसऱ्या चुकीकडे, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. व्ही. भगत विरुद्ध डी. भगत हा निकाल नोव्हेंबर १९९३ चा. नवऱ्यानं बायकोवर व्यभिचाराचा आरोप करून घटस्फोट मागितला होता. तिनं लेखी उत्तरात नाकारलं, ते ठीक. पण पुढे लिहिलं की नवऱ्याला संशयाचा मानसिक विकार आहे, त्याला उपचाराची गरज आहे. तिच्या वकिलांनी उलटतपासात त्याच्या सगळ्या कुटुंबातच वेडाची लहर असल्याचं सुचवलं. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की हे आरोप हीच मानसिक क्रूरता आहे, आणि नवऱ्याला त्याच कारणावर घटस्फोट दिला. तिच्या विरोधात गेलेला पुरावा तिच्याच बाजूनं कोर्टात दाखल झाला होता. कोर्टानं हेही सांगितलं की प्रकरण असाधारण आहे, प्रत्येक कैफियतीतल्या आरोपावरून घटस्फोट देता येत नाही. तरी वाट उघडली ती उघडलीच.

मराठी जोडप्याच्या भाटे विरुद्ध भाटे या २००३ च्या खटल्यात भूमिका उलट्या होत्या. घटस्फोट बायको मागत होती आणि लेखी उत्तर नवऱ्याचं होतं. त्यात त्यानं तिच्या चारित्र्यावर चिखल उडवला, आणि नंतर दुरुस्तीचा अर्ज करून तो मजकूर काढून टाकला. सर्वोच्च न्यायालयानं १६ एप्रिल २००३ रोजी तिच्या बाजूनं निकाल दिला: लेखी उत्तरात असे किळसवाणे आरोप करणं हीच क्रूरता, आणि नंतर ते मागे घेतले म्हणून झालेली जखम पुसली जात नाही. हा नियम नवऱ्याला लागतो तसा बायकोलाही लागतो. आज दाखल केलेला मजकूर उद्या दुरुस्तीनं खोडता येईल, हा विश्वास ठेवू नये.

मग नवऱ्यानं खरंच मारहाण केली असेल, दुसरीकडे संबंध ठेवले असतील, तर लिहायचं नाही का? लिहायचं, आणि ठामपणे. प्रश्न इतकाच की बचावाला ते लागतं का, आणि ते उभं करायला काय आहे. ‘तो दारू पिऊन मारत असे म्हणून मी माहेरी राहिले’ हे परित्यागाचं थेट उत्तर आहे. दवाखान्याचा कागद, शेजारीण, भाऊ यांनी ते उभं राहतं. ‘त्याचे त्याच्या वहिनीशी संबंध आहेत’ हे वाक्य केवळ संशयावर लिहिलं आणि पुरावा एकही नसला, तर ते नवऱ्याच्या हातात दिलेलं शस्त्र आहे. असं वाक्य बाईच्या तोंडून कमी आणि बैठकीत बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडून जास्त येतं. ते लिहू न देणं हे चांगल्या वकिलाचं काम आहे, आणि तो लिहू देत असेल तर बाईनं स्वतः थांबवावं. सही तिची आहे.

कैफियतीच्या शेवटी पडताळणी असते आणि सोबत प्रतिज्ञापत्र. कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून खरे आहेत आणि कोणते ऐकीव माहितीवरून खरे मानते, हे त्यात वेगळं सांगावं लागतं. गुजराती वाचता न येणारी बाई त्यावर सही करते तेव्हा मजकूर तिला तिच्या भाषेत वाचून समजावल्याची नोंद हवी, आणि ती नोंद खरी हवी. दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात तिला विचारलं जातं, ‘तुमच्या जवाबात असं लिहिलं आहे, बरोबर?’ आणि ती म्हणते, मला माहीत नाही, वकीलसाहेबांनी लिहिलं. तिथं खटला अर्धा संपतो.

वेळेचं गणित थोडक्यात. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची. कोर्ट कारणं नोंदवून ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवतं. त्यापुढे फारच अपवादानं. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ प्रमाणे कोर्ट समेटासाठी समुपदेशकाकडे पाठवतं. त्या बैठका चालू आहेत म्हणून मुदत थांबली असं धरू नये. शहाद्याहून दोन मुलांना घेऊन सुरतेला येणं अशक्य असेल तर खटला महाराष्ट्रात हलवण्याचा अर्ज करता येतो, पण राज्याबाहेर हलवायचा असल्यानं तो दिवाणी संहितेच्या कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयातच करावा लागतो, आणि तिथून स्थगिती मिळेपर्यंत सुरतच्या तारखा चालूच राहतात. तारखेला कोणीच हजर राहिलं नाही तर अर्ज एकतर्फा चालतो. खटला चालू असतानाची पोटगी आणि खर्च यासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ चा अर्ज कैफियतीसोबतच द्यावा. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, म्हणून नवऱ्याचा पगार तिला सिद्ध करत बसावा लागत नाही, त्यालाच तो सांगावा लागतो.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत हे कारण सांगून गप्प बसू नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. सुरतच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो, आणि १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक देशभर चालतो. नवागामच्या, डिंडोलीच्या, लिंबायतच्या ज्या बहिणींच्या हाती असा अर्ज पडेल, त्यांनी समन्सची तारीख एका कागदावर लिहून ठेवावी, आपली हकीकत आधी आपल्या भाषेत, तारखांसह, स्वतःच्या हातानं लिहावी, आणि तयार झालेली कैफियत सहीपूर्वी कोणाकडून तरी मराठीत पूर्ण वाचून घ्यावी. त्यातलं जे वाक्य न्यायाधीशांसमोर शपथेवर पुन्हा बोलता येणार नाही, ते खोडायला लावावं, आणि दाखल झालेल्या प्रतीची शिक्क्यासह एक नक्कल स्वतःजवळ ठेवावी.